पोलिओचे थेंब की इंजेक्शन? आई-बाबा वारंवार विचारतात ते प्रश्न

पोलिओ रविवार जवळ आला की लसीकरण सत्रात, फोनवर आणि सोसायटीच्या ग्रुपवर ठरावीक प्रश्न सुरू होतात. ते एकत्र करून, सोप्यापासून अवघडाकडे अशा क्रमाने इथे लावले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे एक मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. थेंब आणि इंजेक्शन म्हणजे एकच लस दोन रूपांत मिळते का?

नाही, या दोन वेगळ्या लसी आहेत.

इंजेक्शनच्या लसीत (आयपीव्ही) विषाणू मारलेला असतो. तो शरीरात वाढू शकत नाही आणि विष्ठेतून बाहेर पडत नाही. जोनास साल्क यांची ही लस १९५५ मध्ये वापरात आली. थेंबांच्या लसीत (ओपीव्ही) विषाणू जिवंत असतो, पण दुबळा केलेला असतो. अल्बर्ट सेबिन यांनी तो तयार केला आणि १९६० नंतरच्या काही वर्षांत तो जगभर पोचला. हा विषाणू बाळाच्या आतड्यात खरोखर वाढतो आणि काही आठवडे विष्ठेतून बाहेरही पडतो. थेंबांचे सगळे गुण आणि त्यांचा एकमेव खरा धोका या एकाच गोष्टीतून येतात.

पोलिओ विषाणूचे तीन प्रकार आहेत: टाइप १, २ आणि ३. एका प्रकाराविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्यापासून वाचवत नाही. सध्याच्या इंजेक्शनमध्ये तिन्ही प्रकार असतात, थेंबांमध्ये फक्त १ आणि ३. असे का, ते प्रश्न ८ मध्ये आहे.

२. सरकारी वेळापत्रकात दोन्ही कधी कधी देतात?

थेंब जन्मल्यावर (पहिल्या १५ दिवसांत), मग ६, १० आणि १४ व्या आठवड्यात, आणि बूस्टर १६ ते २४ महिन्यांदरम्यान. प्रत्येक वेळी दोन थेंब.

इंजेक्शन ६ व्या आणि १४ व्या आठवड्यात, आणि जानेवारी २०२३ पासून तिसरे ९ महिन्यांनंतर. सरकारी केंद्रात हे इंजेक्शन स्नायूत न देता कातडीच्या थरात देतात आणि मात्रा ०.१ मिली असते. पूर्ण मात्रा ०.५ मिली, म्हणजे ही तिचा पाचवा हिस्सा. "आमच्या बाळाला कमी लस दिली" अशी तक्रार यामुळे अनेकदा येते. कातडीच्या थरात प्रतिकारसंस्थेच्या पेशी दाट असतात, म्हणून कमी मात्रेतही काम होते. मात्र एक डोस पुरत नाही, ठरलेले सगळे घ्यावे लागतात. इंजेक्शन नीट बसले की त्या जागी संत्र्याच्या सालीसारखा छोटा फुगवटा दिसतो. तो काही वेळाने आपोआप जातो, चोळू नका.

पोलिओ रविवारचे थेंब या वेळापत्रकाव्यतिरिक्त असतात. पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला ते द्यायचे असतात, कार्डावर काहीही लिहिलेले असो.

३. आतड्याची प्रतिकारशक्ती म्हणजे काय? रक्तात प्रतिपिंडे तयार झाली की पुरे नाही का?

बाळाचा पाय वाचवायला पुरे आहे. शेजारच्या बाळाचा पाय वाचवायला पुरत नाही.

पोलिओ विषाणू तोंडावाटे जातो, घसा आणि आतड्याच्या अस्तरात वाढतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. बहुतेक मुलांत गोष्ट तिथेच थांबते, त्यांना काही जाणवतही नाही. थोड्या मुलांत तो रक्तात उतरतो, त्यातल्या थोड्यांत मज्जारज्जूपर्यंत पोचतो आणि स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मारतो. टाइप १ मध्ये लस न घेतलेल्या सुमारे दोनशे संसर्गांमागे एकाला पक्षाघात होतो. टाइप २ मध्ये हे प्रमाण सुमारे दोन हजारांमागे एक इतके खाली जाते. म्हणजे एक लुळा पाय दिसतो, तेव्हा गावात शेकडो मुलांच्या पोटातून विषाणू आधीच फिरून गेलेला असतो.

इंजेक्शनमुळे रक्तात भरपूर प्रतिपिंडे तयार होतात. विषाणूला रक्तातून मज्जारज्जूकडे जायची वाट बंद होते. घशातली वाढही बरीच कमी होते. पण ज्या मुलाला आधी कधी जिवंत विषाणू भेटलेला नाही, त्याच्या आतड्याच्या अस्तरावर हे इंजेक्शन फारसा पहारा बसवत नाही. तिथे लागणारी प्रतिपिंडे (आयजीए) मुख्यतः आतड्यातच विषाणू वाढला तर तयार होतात, आणि ते काम थेंब करतात. असे मूल पुढे विषाणूच्या संपर्कात आले तर विषाणू त्याच्या आतड्यात रुजत नाही, किंवा रुजला तरी कमी प्रमाणात आणि कमी दिवस बाहेर पडतो.

आतड्याची ही प्रतिकारशक्ती कायम टिकत नाही. रक्तातले संरक्षण वर्षानुवर्षे राहते, आतड्यातले मात्र वर्षभरातही बरेच ओसरू शकते. पुन्हा पुन्हा थेंब देण्यामागे हे एक कारण आहे. दुसरे कारण आपल्या देशात फार जाणवले. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये दाट वस्ती, उघड्यावरची घाण, सततचे जुलाब आणि आतड्यातले इतर विषाणू यांमुळे थेंबांचा एकेक डोस फारच कमी मुलांत रुजत होता. तिथल्या मुलांना दहा-दहा डोस द्यावे लागले ते यामुळेच.

४. खासगी दवाखान्यात इंजेक्शनचा पूर्ण कोर्स झाला आहे. तरी पोलिओ रविवारी थेंब कशाला?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. याचे उत्तर इस्रायलमध्ये २०१३ साली जे घडले त्यातून सगळ्यात स्पष्ट कळते.

इस्रायलने २००५ मध्ये थेंब बंद करून फक्त इंजेक्शन ठेवले होते. लसीकरण ९० टक्क्यांच्या वर होते. पोलिओचा रुग्ण अनेक वर्षांत दिसला नव्हता, पण सांडपाण्याची नियमित तपासणी चालू होती. मे २०१३ च्या अखेरीस दक्षिणेतल्या राहत या बदवी वस्तीच्या शहरातल्या सांडपाण्यात जंगली, म्हणजे लसीतून न आलेला, निसर्गातला मूळ टाइप १ विषाणू सापडला. जुने नमुने पुन्हा तपासले तेव्हा तो फेब्रुवारीपासूनच तिथे असल्याचे दिसले. जनुकीय क्रमावरून त्याचे नाते पाकिस्तानातल्या विषाणूशी जुळले. तसाच विषाणू डिसेंबर २०१२ मध्ये इजिप्तच्या सांडपाण्यातही सापडला होता.

त्यानंतर तो देशातल्या इतर ठिकाणच्या सांडपाण्यातही दिसू लागला. तरी एकाही मुलाला पक्षाघात झाला नाही. इंजेक्शनने आपले काम चोख केले होते: मुलांचे मज्जारज्जू सुरक्षित होते. पण त्याच मुलांच्या आतड्यांतून विषाणू महिनोन्‌महिने एकाकडून दुसऱ्याकडे जात होता, आणि लस न घेतलेले एखादे बाळ सापडण्याचीच वेळ होती. इंजेक्शन बहुतेकांना आधीच मिळालेले होते, त्यामुळे आणखी इंजेक्शने देऊन ही साखळी तुटण्यासारखी नव्हती. ऑगस्ट २०१३ मध्ये सरकारने निर्णय घेतला की ज्या लहान मुलांना इंजेक्शन मिळाले आहे त्यांना थेंबही द्यायचे. विषाणूचे भ्रमण थांबले आणि २०१४ मध्ये तो सांडपाण्यातून नाहीसा झाला.

या मोहिमेत क्रम महत्त्वाचा होता. आधी इंजेक्शन मिळालेल्या मुलाला थेंब दिले की त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयारच असतात, त्यामुळे प्रश्न ६ मधला धोका जवळजवळ उरत नाही. म्हणून ज्या पालकांचे मूल इंजेक्शनचा पूर्ण कोर्स घेऊन बूथवर येते, त्यांनी थेंबांची सगळ्यात कमी काळजी करावी.

उलट क्रमालाही मोल आहे. थेंब घेतलेल्या मुलाला नंतर इंजेक्शन दिले तर त्याच्या आतड्याची ओसरलेली प्रतिकारशक्ती पुन्हा वर येते. उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादमध्ये सुमारे हजार मुलांवर हे तपासले गेले आणि निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी थेंब घेतलेल्या मुलांपैकी काहींना इंजेक्शन दिले, मग सर्वांना थेंब पाजून कोणाच्या विष्ठेत विषाणू येतो ते पाहिले. इंजेक्शन मिळालेल्या गटात विषाणू टाकणाऱ्यांचे प्रमाण, वय आणि प्रकारानुसार, ३९ ते ७६ टक्क्यांनी कमी निघाले. म्हणजे इंजेक्शन आतड्यात पहारा नव्याने बसवत नसले, तरी थेंबांनी एकदा बसवलेला पहारा पुन्हा जागा करते. सरकारी वेळापत्रकात दोन्ही लसी हातात हात घालून चालतात त्या यासाठी.

५. थेंबांमधला दुबळा विषाणू पुन्हा घातक होतो, हे खरे आहे का?

हो, खरे आहे. ते लपवण्यात काही अर्थ नाही. फक्त "दुर्मिळ" नेमके काय आहे, ते नीट समजून घ्यावे.

पोलिओ विषाणूची जनुकीय माहिती आरएनएवर लिहिलेली असते, सुमारे साडेसात हजार अक्षरांत. नक्कल करताना तो खूप चुका करतो आणि त्या दुरुस्त करत नाही. सेबिन यांच्या विषाणूंचा दुबळेपणा त्यातल्या अगदी थोड्या अक्षरांवर टिकून असतो. टाइप २ मध्ये त्यातली दोनच मुख्य: सुरुवातीच्या भागातले ४८१ वे अक्षर आणि कवचाच्या एका प्रथिनातला एक बदल. टाइप ३ मध्ये सुरुवातीच्या भागातले ४७२ वे अक्षर असेच कळीचे आहे.

सुरुवातीच्या भागातल्या या बदलांमुळे विषाणूची वाढ चेतापेशींत मंदावते, पण थोडीफार आतड्यातही मंदावते. त्यामुळे एखाद्या नकलेत चुकून ते अक्षर पूर्ववत झाले, तर ती नक्कल आतड्यात इतरांपेक्षा जोमाने वाढते आणि काही दिवसांत तिचीच संख्या जास्त होते. थेंब घेतलेल्या निरोगी बाळांच्या विष्ठेत असे पूर्ववत झालेले विषाणू पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतही सापडतात. म्हणजे अक्षर उलटणे ही नेहमीची गोष्ट आहे. तरीही बाळाला काही होत नाही, कारण तोवर त्याची प्रतिकारशक्ती तयार होते आणि विषाणूला बाहेर काढते. शेजारच्या मुलांनी लस घेतलेली असेल तर बाहेर पडलेल्या विषाणूला पुढे जायला घरही मिळत नाही.

दुर्मिळ असते ते यापुढचे. तेही दोन वेगळ्या वाटांनी घडते, म्हणून पुढचे दोन प्रश्न वेगळे ठेवले आहेत.

६. मग थेंबांमुळे माझ्याच बाळाला पोलिओ होऊ शकतो?

शक्यता आहे, पण ती फार लहान आहे: तिन्ही प्रकारांच्या जुन्या थेंबांसाठी दर सुमारे २७ लाख डोसांमागे एक. यात लस घेतलेल्या बाळाला, किंवा त्याची शी-शू काढणाऱ्या लस न घेतलेल्या माणसाला, पक्षाघात होतो. बाळात तो साधारणपणे डोसनंतर ४ ते ४० दिवसांत दिसतो. इथे विषाणू दूरवर फिरलेला नसतो, म्हणून त्याचा जनुकीय क्रम लसीतल्या विषाणूच्या अगदी जवळ असतो.

थेंबांच्या आधी इंजेक्शन मिळालेले असेल तर हा धोका जवळजवळ संपतो. अमेरिकेने १९९७ ते १९९९ या काळात आधी इंजेक्शन आणि मग थेंब असा क्रम यासाठीच ठेवला होता आणि २००० पासून फक्त इंजेक्शन ठेवले. तिथे जंगली पोलिओ संपला होता, त्यामुळे लहान धोकाही पत्करायचे कारण उरले नव्हते. आपला शेजार वेगळा आहे. जंगली टाइप १ आजही पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात फिरतो आहे.

७. "लसजन्य पोलिओची साथ" म्हणतात ती हीच का?

नाही. साथ होण्यासाठी विषाणूला अनेक महिने, अनेक मुलांच्या आतड्यांतून फिरावे लागते. वस्तीत पुरेशी मुले लस न घेतलेली असतील तरच ते जमते. अशी पहिली साथ २०००-२००१ मध्ये हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक या देशांत ओळखली गेली. ती टाइप १ ची होती आणि दोन्हीकडे लसीकरण ढासळलेले होते.

विषाणू किती फिरला हे प्रयोगशाळेत मोजता येते. कवचाच्या व्हीपी१ या प्रथिनाचे जनुक सुमारे ९०० अक्षरांचे असते आणि त्यात वर्षाला साधारण एक टक्का, म्हणजे ९ च्या आसपास बदल साचतात. टाइप १ आणि ३ मध्ये मूळ लसीपेक्षा १० किंवा जास्त अक्षरे बदलली असतील, आणि टाइप २ मध्ये ६ किंवा जास्त, तर त्याला लसजन्य पोलिओ विषाणू (व्हीडीपीव्ही) म्हणतात. त्यापेक्षा कमी बदल असतील तर तो नुकत्याच लस घेतलेल्या कोणाच्या तरी विष्ठेतला नेहमीचा विषाणू.

हा हिशोब प्रत्यक्षात कसा लावतात ते न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड काउंटीत दिसले. जुलै २०२२ मध्ये तिथल्या लस न घेतलेल्या एका तरुणाच्या पक्षाघाताचे कारण पोलिओ असल्याचे निश्चित झाले. त्याच्या विष्ठेतल्या टाइप २ विषाणूत व्हीपी१ मध्ये सेबिनच्या मूळ विषाणूपेक्षा १० बदल होते. वर्षाला सुमारे ९ या गतीने पाहिले तर कोणीतरी टाइप २ चे थेंब घेऊन जवळपास वर्ष झाले असावे. अमेरिकेत थेंब २००० सालीच बंद झालेले, म्हणजे मूळ डोस देशाबाहेर दिलेला. या तरुणाने त्या काळात परदेश प्रवास केलेला नव्हता, म्हणजे विषाणू त्याच्यापर्यंत स्थानिक लोकांमधून आला. त्याचा क्रम लंडन आणि जेरुसलेमच्या सांडपाण्यात सापडलेल्या विषाणूंशी जुळला. काउंटीत दोन वर्षांच्या मुलांपैकी तीन डोस पूर्ण झालेली मुले ६० टक्क्यांच्या आसपास होती आणि काही पिनकोडमध्ये ४० टक्क्यांच्याही खाली.

साथीचा दोष थेंबांना देण्याआधी हे ६० आणि ४० चे आकडे पाहावेत. पुरेशा मुलांना लस मिळाली असती तर त्या विषाणूला वर्षभर फिरायला आतडी मिळाली नसती.

८. थेंबांमधून टाइप २ का काढला? मग त्यापासून मुलांना कोण वाचवते?

टाइप २ चा जंगली विषाणू भारतात १९९९ नंतर सापडला नाही आणि जगातूनही तो संपला. सप्टेंबर २०१५ मध्ये तसे प्रमाणित झाले. दुसरीकडे लसजन्य साथींपैकी बहुतांश टाइप २ च्याच होत्या. जो आजार उरलेलाच नाही त्याच्यासाठी जिवंत विषाणू पाजत राहायचे आणि त्यातूनच साथी येऊ द्यायच्या, हे पटणारे नव्हते. म्हणून एप्रिल २०१६ मध्ये थेंब वापरणाऱ्या सगळ्या देशांनी एकाच वेळी तीन प्रकारांचे थेंब थांबवून दोन प्रकारांचे सुरू केले. भारतात हा बदल २५ एप्रिलला झाला. टाइप २ चे संरक्षण इंजेक्शनकडे सोपवले आणि त्याची तयारी म्हणून नोव्हेंबर २०१५ पासून आपल्याकडे इंजेक्शन सुरू केले होते.

हिशोब बरोबर होता, पण काही देशांत तो फसला. बदलाच्या वेळी तिथे टाइप २ चा लसजन्य विषाणू आधीच फिरत होता, आणि एप्रिल २०१६ नंतर जन्मलेल्या मुलांच्या आतड्यात टाइप २ विरुद्ध काहीच नव्हते. मुख्यतः आफ्रिकेत, पण इतरत्रही, या विषाणूने तीन हजारांहून अधिक मुलांना लुळे केले. माझ्या मते पोलिओ निर्मूलनाच्या इतिहासातली ही सर्वांत महाग पडलेली चूक आहे. चूक टाइप २ काढण्यात नव्हती. आधी प्रत्येक देशातले लसीकरण पुरेसे उंचावल्याशिवाय तो काढण्यात होती.

आपल्याकडेही कसोटीची वेळ लगेच आली. जून २०१६ मध्ये हैदराबादच्या सांडपाण्यात टाइप २ चा लसजन्य विषाणू सापडला. टाइप २ चे थेंब आता द्यायचे नव्हते, म्हणून हैदराबाद आणि रंगारेड्डी भागात सुमारे ३ लाख मुलांना काही दिवसांत कातडीत ०.१ मिली इंजेक्शन दिले गेले. विषाणू तिथेच थांबला.

९. टाइप २ चे नवे, सुधारित थेंब आले आहेत म्हणतात. ते काय आहेत?

त्याला एनओपीव्ही२ म्हणतात. कळीचे एकच अक्षर उलटले की दुबळेपणा जातो, ही जुन्या विषाणूची खोट होती. नव्या विषाणूत सुरुवातीचा तो भागच वेगळ्या रीतीने बांधला आहे. आता एक अक्षर बदलून भागत नाही, अनेक अक्षरे एकाच वेळी बदलावी लागतात. शिवाय नक्कल करणाऱ्या विकरातही बदल करून त्याच्या चुका कमी केल्या आहेत.

नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणीच्या वापराला परवानगी दिली आणि मार्च २०२१ मध्ये नायजेरियात तो पहिल्यांदा साथीवर वापरला गेला. कोट्यवधी डोसांनंतर दिसते आहे की तो जुन्यापेक्षा बराच स्थिर आहे. पण लसीकरण फार कमी असलेल्या ठिकाणी त्याच्यापासूनही काही नव्या साखळ्या तयार झाल्या आहेत. तो साथ विझवण्यासाठी आहे. आपल्या नेहमीच्या वेळापत्रकात तो नाही आणि पोलिओ रविवारच्या बाटलीतही तो नसतो.

१०. मग थेंब बंद करून सगळीकडे इंजेक्शनच का देत नाहीत?

जंगली विषाणू जिथे फिरतो किंवा येऊ शकतो, तिथे प्रसार थांबवायला आतड्याची प्रतिकारशक्ती लागते. कारण प्रश्न ३ आणि ४ मध्ये आले आहे. बाकी अडचणी व्यवहाराच्या आहेत. इंजेक्शन महाग पडते आणि द्यायला शिकलेले हात लागतात. थेंब मात्र अंगणवाडीसेविका, आशाताई किंवा स्वयंसेवक एसटी स्टँडवर, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या फडावर जाऊन पाजू शकतात. जंगली टाइप १ जगातून गेल्याचे प्रमाणित झाले की थेंब सगळीकडे बंद करण्याचीच योजना आहे.

११. २०२४ मध्ये मेघालयात रुग्ण सापडला. भारतात पोलिओ परत आला का?

ऑगस्ट २०२४ मध्ये पश्चिम गारो हिल्समधल्या टिक्रिकिल्ला इथे दोन वर्षांच्या मुलाला पक्षाघात झाला. तपासणीत विषाणू लसजन्य निघाला, जंगली नव्हे. भारतातला शेवटचा जंगली रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. ते प्रमाणपत्र जंगली विषाणूचे आहे आणि ते कायम आहे. अशा बातमीनंतर आपल्या मुलाचे डोस पूर्ण आहेत का एवढे कार्डावर पाहा. जादा डोस मागायला दवाखान्यात धाव घेऊ नका.

१२. घरात कोणाची प्रतिकारशक्ती खूप कमी आहे. बाळाला थेंब द्यायचे का?

इथे थेंब थांबवावेत आणि डॉक्टरांशी बोलून बाळाला पूर्ण मात्रेचे इंजेक्शन द्यावे. विशेषतः प्रतिपिंडेच तयार न होण्याचा जन्मजात आजार असलेली व्यक्ती घरात असेल, किंवा खुद्द बाळालाच तो असेल, तर हे पाळाच. अशा शरीरात विषाणू बाहेर काढला जात नाही. तो वर्षानुवर्षे वाढत आणि बदलत राहतो. ब्रिटनमधल्या अशा एका रुग्णाच्या विष्ठेतून टाइप २ चा विषाणू २८ वर्षे बाहेर पडत होता. कुटुंबात आधीचे मूल वारंवार जंतुसंसर्ग होऊन लहानपणीच दगावले असेल तर जन्माच्या डोसआधीच डॉक्टरांना सांगा. हा इतिहास बऱ्याचदा कोणी विचारत नाही.

घरात आई गरोदर आहे किंवा आजोबांना मधुमेह आहे म्हणून थेंब थांबवायची गरज नाही. बाळाची शी काढल्यावर हात साबणाने धुवावेत, हे सगळ्यांसाठीच.

१३. बाळाने थेंब थुंकले, जुलाब चालू आहेत, आत्ताच दूध प्यायले... डोस धरायचा का?

लगेच थुंकले किंवा उलटी झाली तर तिथेच पुन्हा द्यायला सांगा. अंगावरचे दूध आधी-नंतर कधीही चालते. किरकोळ जुलाबात थेंब देतात, पण विषाणू रुजायची खात्री कमी असते, म्हणून पुढचा डोस अजिबात चुकवू नका.

बाटलीवरची खूण स्वतः पाहायला हरकत नाही. लेबलवर एक वर्तुळ आणि त्याच्या आत चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस चांगली. दोघांचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला तर ती बाटली उष्णतेने वाया गेली आहे, वापरू देऊ नका.

१४. मुले परदेशात असतात. तिथले आणि इथले डोस एकमेकांत जुळतात का?

लंडन किंवा न्यू जर्सीहून सुट्टीत पुण्याला आलेल्या पाच वर्षांखालच्या मुलाने फक्त इंजेक्शन घेतलेले असते. पोलिओ रविवार असेल तर त्याला थेंब द्यावेत, कारण प्रश्न ४ मध्ये आहे.

उलट दिशेला अडचण येते. अमेरिकेत एप्रिल २०१६ पासून दिलेले थेंब मोजत नाहीत, कारण त्यांत टाइप २ नसतो. इथे कार्डावर पाच वेळा थेंबांची नोंद असली तरी तिथली शाळा इंजेक्शनचे डोस मागते. जाण्याआधी इंजेक्शनच्या तारखा आणि मात्रा स्पष्ट लिहिलेली नोंद घ्या.

१५. मुलाचा पाय अचानक लुळा पडला तर काय करायचे?

पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक ढिला पडला, तर कारण काहीही वाटो, त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात किंवा आरोग्य केंद्रात कळवा. चोवीस तासांच्या अंतराने विष्ठेचे दोन नमुने घेतात. ते पक्षाघात सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत घ्यावे लागतात, कारण नंतर विषाणू सापडण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. नमुना बर्फावर ठेवून ठरलेल्या प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे विषाणू वाढवून आधी प्रकार ठरवतात, मग व्हीपी१ ची अक्षरे वाचून तो जंगली, लसीतला की लसजन्य हे सांगतात. साठ दिवसांनी मुलाला पुन्हा तपासून अशक्तपणा उरला आहे का ते पाहतात. बहुतेक वेळा कारण पोलिओ नसून गुलियन-बारे सिंड्रोमसारखे दुसरे काहीतरी निघते. तरीही नमुने द्यायचेच. "आमच्या मुलाने सगळे डोस घेतलेत" म्हणून ते टाळू नका, आणि तपासणी होईपर्यंत त्या हातात किंवा पायात विनाकारण इंजेक्शने घेऊ नका.